‘डेरिव्हेटिव्ह’ला प्रयोगवहीत काय लिहायचं?

कोथरूडकर: बी.एस्सी.च्या मुलांसाठी प्रात्यक्षिकाची मराठी टिपणं करतोय. बाटलीतलं अनोळखी कार्बॉक्सिलिक आम्ल ओळखायचं आहे. ‘उदासिनीकरण तुल्यभार’ लिहून झालं, डेरिव्हेटिव्हपाशी अडलो. ‘साधित’ चालेल?

पेठेतली पोथी: साधित म्हणजे प्रत्यय लागून झालेला शब्द. ‘गोड’पासून ‘गोडवा’. रसायनात कशाला ओढता?

गणिती: आमच्याकडे डेरिव्हेटिव्ह म्हणजे विकलज. तेच घ्या.

कोथरूडकर: अहो, इथे आम्लापासून मुद्दाम बनवलेला स्फटिकी पदार्थ म्हणायचाय!

टीवायचा बाक: तुल्यभार तरी कशाला? रेणुभार लिहा, आकडा तोच येतो.

जुनी ब्युरेट: एकच कार्बॉक्सिल गट असेल तरच. थॅलिक आम्लाचा रेणुभार 166, पण तुल्यभार 83. ब्युरेट फक्त अल्कली किती लागली ते सांगते, गट किती ते नाही. म्हणून ‘तुल्य’ हवाच.

आता साधिताकडे. समजा 0.204 ग्रॅम आम्ल अल्कोहोलात विरघळवलं, फिनॉल्फ्थॅलीन घातलं आणि 0.1 नॉर्मल कॉस्टिक 15 मिली लागलं. 204 भागिले 1.5, म्हणजे 136. इथे चार उमेदवार उभे राहतात: फिनाइलॲसेटिक आणि तिन्ही टोलुइक आम्लं. पदार्थ 103 ते 106ला वितळला. फिनाइलॲसेटिक 76च्या आसपास वितळतं, पॅरा 180ला, म्हणून ती दोन्ही गेली. ऑर्थो 104, मेटा 111. पण अशुद्ध मेटाही खाली घसरून 104ला वितळू शकतं. मग थायोनिल क्लोराइड आणि अमोनिया वापरून अमाइड बनवायचं. ऑर्थोचं साधारण 142ला वितळतं, मेटाचं 95ला. घोळ मिटला.

टीवायचा बाक: सर, आम्ही ॲनिलाइड केलं होतं. 125 आलं, मी ऑर्थो लिहिलं.

जुनी ब्युरेट: मेटाचं ॲनिलाइड 126ला वितळतं! तुझं मेहनतीचं काम फुकट गेलं बाबा. जो पदार्थ उमेदवारांना वेगळं करतो तोच बनवायचा, सोपा आहे म्हणून नव्हे.

धायरीची ताई: आमचा तुल्यभार 143 आला होता. पुन्हा टायट्रेट केलं तरी तोच.

जुनी ब्युरेट: स्फटिक ओले असतील. पुण्यातल्या जुलैत गाळणकागदावर ठेवून ते वाळतात थोडेच! 5 टक्के पाणी असलं की 136चा 143 होतो. वितळणंही लांबतं, तीच खूण. वाळवून परत वजन करा. अल्कोहोलचं कोरं वाचनही वजा करा, त्यातही थोडं आम्ल असतं.

कोथरूडकर: शब्दाचं राहिलंच. विश्वकोशात ‘अनुजात’ आहे.

पेठेतली पोथी: अनुजात बरा. मागाहून जन्मलेला.

जुनी ब्युरेट: पण इथे तो आपोआप जन्मत नाही, आपण साधतो. माझं मत साधितलाच.

टीवायचा बाक: तोंडी परीक्षेत साधित म्हटलं तर सर आधी हसतील.

कोथरूडकर: सध्या ‘साधित पदार्थ’ लिहितो. मेल्टिंग पॉइंटला द्रवणांक की वितळबिंदू, ते उद्या विचारीन.