स्पॅनिश प्रसिद्धीपत्रकातलं 'एन फ्रीओ' आणि 'एन्त्रादिया' : मराठीत काय लिहाल?

शेवंती
स्पेनच्या खाएन प्रांतातल्या एका छोट्या घरगुती तेल-गिरणीचं प्रसिद्धीपत्रक मराठीत करते आहे. त्यांनी नवं ऑलिव्ह तेल बाजारात आणलंय. मथळा असा आहे : 'ऊना आल्माथारा फामिलिआर लान्था सू प्रिमेर आथेइते दे कोसेचा तेम्प्राना', म्हणजे घरगुती तेल-गिरणी लवकर तोडणीचं आपलं पहिलं तेल बाजारात आणते आहे. त्याखालच्या पहिल्या परिच्छेदाला ते एन्त्रादिया म्हणतात. त्यात तेल 'एक्स्त्राक्थिओन एन फ्रीओ'ने, शब्दशः थंड अवस्थेत, काढल्याचं लिहिलंय. मी 'घाण्यावर काढलेलं' असं केलंय, पण मन घेत नाही. आणि एन्त्रादियाला काय म्हणू? शब्दशः 'छोटा प्रवेश' होतो.

बाभूळगावकर
घाणाच बरोबर. पत्रकाचं नावच 'नोता दे प्रेन्सा' आहे ना? प्रेन्सा म्हणजे दाबयंत्र. आमच्याकडे करडईचा लाकडी घाणा आहे, बैल गेले आणि मोटर आली एवढंच. तेल गरम होत नाही म्हणून लोक लांबून येतात. बिनधास्त 'लाकडी घाण्याचं' लिहा, खपेल.

सुरंगी
काका, प्रेन्सा म्हणजे दाबयंत्र हे खरं, पण इथे त्याचा अर्थ वृत्तपत्रं. एन्त्रादियासाठी 'प्रस्तावना' चालेल की.

निवडुंग
प्रस्तावना नको. प्रस्तावनेत माणूस विषयाकडे हळूहळू वळतो. एन्त्रादियात सगळं महत्त्वाचं आधीच सांगून टाकायचं असतं : कोणी, काय, कधी, कुठे, कसं, का. जागा कमी पडली तर उपसंपादक खालून कापतो, तरी बातमी उरली पाहिजे. मराठी वृत्तपत्रांत याला 'इंट्रो' म्हणतात, तोच ठेवा. अर्जेंटिनात यालाच 'कोपेते' म्हणतात, तिकडचं पत्रक हाती आलं तर गोंधळू नका.

तेलाचं मात्र नीट पाहायला हवं. लेबलावर दोन वेगळे शब्द येतात आणि युरोपीय संघाच्या नियमात दोन्हींचा अर्थ ठरलेला आहे. 'प्रिमेरा प्रेसिओन एन फ्रीओ', म्हणजे थंड अवस्थेतला पहिला दाब, हे फक्त जुन्या पद्धतीच्या हायड्रॉलिक दाबयंत्रातून पहिल्यांदा निघालेल्या तेलाला लावता येतं. 'एक्स्त्राक्थिओन एन फ्रीओ' लावायचं तर तेल लगद्यातून निथळून किंवा सेंट्रीफ्यूजने वेगळं केलेलं हवं. दोन्हींत तापमान २७ अंश सेल्सिअसच्या खाली.

आजच्या बहुतेक गिरण्यांत फळं धुऊन बियांसकट दळतात, लगदा संथपणे घुसळतात आणि मग आडव्या सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतात. दाबणं कुठेच नाही. घुसळताना लगदा ऊबदार ठेवला तर तेल जास्त सुटतं, पण वास उडतो. 'एन फ्रीओ' म्हणजे गिरणीने तो मोह टाळला. त्यात हे कोसेचा तेम्प्राना, म्हणजे फळ हिरवं असतानाच तोडलेलं. त्यात मुळातच तेल कमी. या तेलाची किंमत जास्त का, हे इथेच कळतं. 'घाण्यावर' लिहिलंत तर ते खोटं ठरेल, आणि 'कोल्ड प्रेस्ड'सुद्धा.

शेवंती
मग '२७ अंशांखाली काढलेलं' लिहू?

सुरंगी
इंट्रोमध्ये अंश कशाला? ग्राहकाला त्यातून काय कळणार? 'उष्णता न देता काढलेलं' म्हणा.

निवडुंग
उष्णता थोडी देतातच, हिवाळ्यात लगदा फार गार असतो. 'कमी तापमानात काढलेलं' मला पटतं. स्पॅनिश इंट्रो एका लांब वाक्याचा असेल. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून तो तोडावाच लागेल. मी असं करीन :

'खाएन, ता. १४ : येथील एका घरगुती तेल-गिरणीने पिकुआल जातीच्या हिरव्या ऑलिव्हचे तेल आजपासून बाजारात आणले आहे. हंगामाच्या सुरुवातीला तोडलेल्या फळांपासून कमी तापमानात काढलेले हे गिरणीचे पहिलेच तेल असून ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळेल.'

पहिल्या वाक्यात बातमी संपली पाहिजे. ता. आणि गिरणीचं नाव तुमच्या पत्रकातलं घाला. मथळ्यात 'लान्था'ला क्रियापद हवंच असं नाही : 'घरगुती गिरणीचे पहिले हिरवे ऑलिव्ह तेल बाजारात'.

बाभूळगावकर
'हिरवे तेल' वाचून लोक रंग घातलाय म्हणतील. आमच्या गिऱ्हाइकांना पिवळं लागतं.

शेवंती
तेही खरं. 'हंगामपूर्व' केलं तर?

निवडुंग
हंगाम सुरू झालेला असतो, म्हणून 'पूर्व' नको. 'आगाप तोडणीचे' म्हणा. द्राक्षवाल्यांना आगाप छाटणी ठाऊक आहे, शहरात कितपत कळेल ते बघा.

सुरंगी
शहरात नाहीच कळणार. मी तरी 'कोवळ्या फळांचे' म्हणेन.

शेवंती
शेवटची ओळ राहिली. 'कोन्ताक्तो दे प्रेन्सा', खाली 'देपार्तामेन्तो दे कोमुनिकाथिओन' आणि फोन. दळणवळण विभाग?

निवडुंग
अजिबात नको, एसटीचं कार्यालय वाटेल. 'प्रसिद्धी विभाग' लिहा. वर 'पत्रकारांसाठी संपर्क' असं स्पष्ट हवं. तो नंबर बातमीदारांच्या शंकांसाठी असतो, छापायला नसतो. नुसतं 'संपर्क' लिहिलंत तर तो बातमीखाली छापला जाईल आणि बाटली कुठे मिळेल हे विचारणारे फोन तिथे जातील. विक्रीचा नंबर गिरणीकडून वेगळा मागून घ्या. नंबरापुढे +३४ आहे ना ते बघा, त्यानंतर नऊ आकडे, मध्ये शून्य नाही.

शेवंती
+३४ नाहीये, ९५३ ने सुरू होतो. घालते. 'कोवळ्या' की 'आगाप' हे गिरणीवाल्यांना फळाचा फोटो मागवून ठरवते.