मदत हवी आहे: टाइम ब्लॉकिंग की टास्क बॅचिंग? (काम करून स्पर्धा परीक्षा)

घोडं_अडलंय
तीन आठवडे टाइम ब्लॉकिंग करून पाहिलं. कॅलेंडरात दीड-दीड तासाचे रंगीत चौकोन भरले. सोमवारी छान, मंगळवारी बरं, बुधवारपासून सगळं ढासळतं. मित्र म्हणतो, ब्लॉकिंग सोड आणि बॅचिंग कर, म्हणजे एका दिवशी एकच विषय. परीक्षा जवळ आलीये, प्रयोग करत बसायला वेळ नाही. दोन्हीपैकी काय करू ते सांगा. "शिस्त लाव" हे घरी रोज ऐकतो, ते इथे नको.

निळी_शाई
जवळ म्हणजे किती जवळ? कामाच्या वेळा काय? विषय कोणते?

पहाटपाळी
मी पूर्णवेळ नोकरी करून ब्लॉकिंगवरच पास झाले. पहाटे चार ते सात, एक दिवस खाडा नाही. जग झोपलेलं असताना कोणी फोन करत नाही. तूही पहाटेचे ब्लॉक लाव, प्रश्न मिटला.

घोडं_अडलंय
ताई, मी रात्री अकराला जेवतो. चारला कसा उठू?
निळी_शाई, साडेचार महिने आहेत. आठवड्याला २५ तास काम. गणित, बुद्धिमापन, इंग्रजी, सामान्य ज्ञान, चालू घडामोडी. नेहमीचंच.

एकच_विषय
मित्राचं बरोबर आहे. सोमवारी फक्त गणित, मंगळवारी फक्त इंग्रजी, असं लाव. विषय बदलला की डोकं आधीच्यातच अडकून राहतं आणि पहिली वीस मिनिटं वाया जातात. मी एकदा चार दिवस सलग शेकडेवारी आणि नफा-तोटा केला. चौथ्या दिवशी उदाहरण वाचता वाचता उत्तर येत होतं.

जुनं_खोड
बॅच लावायची तर सकाळची लावा. संध्याकाळच्या बॅचला गर्दी असते आणि सरही दमलेले असतात. माझ्या पुतण्याला सकाळच्या बॅचचा फार फायदा झाला.

घोडं_अडलंय
काका, क्लासची बॅच नाही हो. एकसारखी कामं एकत्र उरकण्याला बॅचिंग म्हणतात.

निळी_शाई
२५ तास कळले. पण ते कोणत्या वेळी? रोज तेच? आणि सुटायची वेळ पक्की असते का?

घोडं_अडलंय
तीन दिवस दुपारी ३ ते ८, दोन दिवस सकाळी ८ ते १, दोन दिवस सुट्टी. कोणता दिवस कसा ते रविवारी रात्री कळतं. आठ म्हणजे साडेआठ, कधी नऊ. त्याचा इथे काय संबंध?

निळी_शाई
सगळा संबंध तिथेच आहे, आणि ते तू पाचव्या प्रश्नाला सांगतोयस.
मागच्या आठवड्याचं कॅलेंडर उघड. किती ब्लॉक आखले होते, किती झाले, आणि न झालेले दिवसाच्या कोणत्या वेळचे होते? कारणं लिहू नकोस. फक्त आकडे.

पहाटपाळी
इतकं पोस्टमॉर्टेम कशाला? निश्चय असेल तर होतं सगळं.

एकच_विषय
ताई, सगळ्यांचा मेंदू पहाटे चारला चालत नाही.

पहाटपाळी
चालवला की चालतो.

घोडं_अडलंय
मोजले. एकूण २३ आखले, १३ झाले.
दुपारच्या पाळीचे दिवस: कामाआधीचे ६ पैकी ५ झाले. रात्री साडेनऊचे ३ होते, एकही नाही.
सकाळच्या पाळीचे दिवस: दुपारी तीनचे २ होते, दोन्ही गेले (झोपलो). पाचचे दोन्ही झाले. रात्री आठच्या २ पैकी १.
सुट्टीचे दिवस: ८ पैकी ५. तिसऱ्या-चौथ्या ब्लॉकला फुस्स.
लिहिताना वाटलं तितकं वाईट नाहीये.

निळी_शाई
नाहीच आहे. गेलेल्या दहापैकी पाच ब्लॉक कामावरून आल्यानंतरचे पहिले ब्लॉक आहेत. कामाआधीचा फक्त एक गेला. म्हणजे ब्लॉकिंग तुला जमतं. तू ते अशा वेळेला बांधलंस जी तुझ्या हातात नाही. साडेनऊचा चौकोन गृहीत धरतो की तू आठला सुटशील, आणि तू सुटतोस नऊला.
आता एक सांग. साडेनऊचं बुडालं की ते काम कुठे जातं?

घोडं_अडलंय
दुसऱ्या दिवशी सकाळी. मग सकाळचं पुढे सरकतं, त्याच्या पुढचं आणखी पुढे. बुधवारी रात्री मी अर्धा तास नुसते चौकोन ओढत बसलो होतो.

निळी_शाई
बुधवारपासून ढासळतं ते यामुळे. पहिल्या दोन रात्रींचं कर्ज तू सकाळच्या चांगल्या ब्लॉकमधून फेडतोस. एक नियम कर: बुडालेला ब्लॉक सरकवायचा नाही. ब्लॉक गेला तो गेला, त्यातलं काम फक्त एका यादीत लिहायचं.
आता तुझ्या आकड्यांवरूनच आखू. दुपारपाळीच्या तीन दिवशी कामाआधीचे दोन-दोन, सकाळपाळीच्या दोन दिवशी पाचचा एक-एक, सुट्टीला दोन-दोन. एकूण १२ ब्लॉक, म्हणजे १८ तास. २३ आखून १३ करण्यापेक्षा १२ आखून १२ करणं सोपं आहे. नवा धडा आणि वेळ लावून केलेला सराव फक्त याच ब्लॉकमध्ये.
सुट्टीच्या एका दिवशी तिसरा ब्लॉक रिकामा ठेव. यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं त्यात करायचं. जास्तीत जास्त दोन गोष्टी, बाकीच्या खोडायच्या.

एकच_विषय
मग कामावरून आल्यावर काय, भिंत बघायची?

निळी_शाई
तिथे तुमचं बॅचिंग येतं. अर्ध्या तासात संपणारी, डोक्याला फार ताण न देणारी कामं एका यादीत ठेवायची: चुकलेल्या प्रश्नांची नोंद, चालू घडामोडींची टिपणं, शब्दांची चिठ्ठी-उजळणी, फॉर्म भरणं, पीडीएफ नावं देऊन लावणं. घरी आलास, जेवलास, की यादीतलं वरचं एक उचलायचं. घड्याळ नाही. नऊला आलास काय नि साडेनऊला काय, यादी बुडत नाही.
पण दिवसभर फक्त गणित, याला माझा विरोध आहे.

एकच_विषय
माझा तर अनुभव आहे! चौथ्या दिवशी सगळं येत होतं.

निळी_शाई
चौथ्या दिवशी येणारच. समोर येणारं प्रत्येक उदाहरण नफा-तोट्याचंच आहे हे आधीच माहीत होतं. पेपरात कोणी सांगत नाही की हे नफा-तोट्याचं आहे की गुणोत्तराचं. प्रकार ओळखणं हेच अर्धं काम असतं आणि सलग सरावात तेवढंच वगळलं जातं.
२००७ साली रोहरर आणि टेलर यांनी हे तपासलं होतं. विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका प्रकारची उदाहरणं सलग दिली, दुसऱ्याला मिसळून. सराव चालू असताना सलगवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर राहिले. सरावात गाडी अडखळते म्हणून आपल्याला वाटतं की जमत नाहीये, पण पुढे टिकतं तेच.

एकच_विषय
पण अगदी नवा धडा असेल तर? पहिल्याच दिवशी मिसळायचं? सूत्रच पाठ नाही तर ओळखणार काय?

निळी_शाई
हे बरोबर. पहिला ब्लॉक सलग, त्याच प्रकारची दहा-बारा उदाहरणं. पुढच्या ब्लॉकपासून जुन्या दोन-तीन प्रकरणांत मिसळायची.

एकच_विषय
आणि चुकांचं विश्लेषण मी आठवड्यातून एकदाच करतो, एकगठ्ठा. तेव्हाच दिसतं की त्याच त्या ठिकाणी मार खातोय. रोज एकेक चूक बघून ते कळत नाही. हे बॅचिंग तरी मान्य करा.

निळी_शाई
निम्मं मान्य. आठवड्यानं बसलात तर उत्तर का चुकलं होतं तेच आठवत नाही. म्हणून सराव पेपर झाला त्याच दिवशी प्रत्येक चुकीसमोर एक अक्षर लिहायचं: "न" म्हणजे माहीतच नव्हतं, "व" म्हणजे वाचण्यात चूक, "घ" म्हणजे घाईत चुकलं. दहा मिनिटांचं काम. आठवड्याच्या शेवटी ती अक्षरं एकत्र बघायची. "न" जास्त असतील तर नवा ब्लॉक त्या धड्याला. "व" आणि "घ" जास्त असतील तर आणखी धडे वाचून काही होणार नाही, घड्याळ लावून पेपर सोडवावे लागतील.

एकच_विषय
हं. हे मी करून बघेन.

नोकरी_सोडलेला
सरळ नोकरी सोडा. मी सोडली, तेव्हा कुठे अभ्यासाला लागलो.

घोडं_अडलंय
नोकरी सोडली तर परीक्षेचं शुल्क कोण भरणार?

नोकरी_सोडलेला
तेही आहे म्हणा. मलाही रिकामा वेळ मिळाल्यावर पहिले दोन महिने काहीच झालं नव्हतं.

पहाटपाळी
चालू घडामोडी आठवड्यातून एकदा करून चालतील का? मी रोज अर्धा तास करायचे. एकदा साचलं की उपसता येत नाही.

एकच_विषय
रोज वाचलेल्यातलं निम्मं परीक्षेच्या दृष्टीनं कचरा असतं. आठवड्यानं बसलं की कोणती बातमी टिकली ते कळतं.

निळी_शाई
माझं यावर ठाम मत नाही. मी रोज मथळे खुणा करून ठेवायचे आणि टिपणं आठवड्यानं काढायचे. उजळणी मात्र गठ्ठ्यानं करू नका. शनिवारी एकदम तीन तास उजळणी करण्यापेक्षा तेच तीन तास सहा दिवसांत अर्धा-अर्धा तास वाटले तर जास्त लक्षात राहतं.

घोडं_अडलंय
(आठ दिवसांनी) करून बघितलं. १२ पैकी १० झाले. कामाच्या पाच दिवसांपैकी तीन दिवस यादीतलं काही ना काही झालं, दोन दिवस आडवाच झालो. चौकोन ओढले नाहीत. सराव पेपरात २२ चुका, त्यात ११ "व". मी इतके दिवस धडे वाढवत होतो.
पण गुरुवारी ऐनवेळी पाळी बदलली, दुपारची सकाळ झाली. दोन ब्लॉक गेले ते तेच. आता?

निळी_शाई
कॅलेंडरात ब्लॉकला तारीख-वेळ देऊच नकोस. दुपारपाळीचा एक साचा आणि सकाळपाळीचा एक साचा असे दोन कागद कर. पाळी बदलली की कागद बदलायचा. सकाळच्या कागदावर एकच ब्लॉक आहे, त्यामुळे त्या दिवसाचा दुसरा ब्लॉक गेला हे धरूनच चाल. असं महिन्यातून किती वेळा होतं?

घोडं_अडलंय
तीन-चारदा. पुढच्या महिन्यात एकजण रजेवर जातोय, तेव्हा जास्तच होईल.

निळी_शाई
मग पुढच्या महिन्यात १२ नको, १० धर. आणि वरिष्ठांना आजच विचारून ठेव की बदल आदल्या रात्री तरी कळवता येईल का.

जुनं_खोड
मग सकाळची बॅच मिळाली का?