अनुभव धागा: परदेशातल्या माणसांशी कॉलच्या वेळा ठरवताना

ऐरोलीकर (धागाकर्ता)
गेल्या मार्चात लंडनच्या सहकाऱ्याला मी तीन सोमवार भर जेवणातून उठवलं, म्हणून हा धागा. आमची टीम ऐरोली, लंडन आणि न्यूयॉर्क अशी विखुरलेली. हिवाळाभर सोमवारचा कॉल आपल्या संध्याकाळी साडेसातला, म्हणजे न्यूयॉर्कला सकाळी नऊ आणि लंडनला दुपारी दोन. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे गेली. इनव्हाइट न्यूयॉर्कच्या वेळेवर लावलेलं, त्यामुळे कॉल आपल्याकडे साडेसहाला आला. मी खूश, लवकरची ठाणे लोकल मिळणार! पण युरोपची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात. तोवर लंडनला तोच कॉल दुपारी एकला पडत होता. तो कॅमेरा बंद करून सँडविच चावत बसायचा. तिसऱ्या सोमवारी त्यानेच विचारलं, "हे असंच चालणार का?" तुमचं काय होतं?

घणसोली_६
एवढं काय त्यात? अमेरिका साडेदहा तास मागे, लंडन साडेपाच. मी मेलमध्ये वर्षभर ईएसटी लिहितो, आजवर कुणी चुकलं नाही.

मीनल घोडबंदर
घणसोली, समोरचे समजून घेतात म्हणून निभावतंय. साडेदहा तास फक्त हिवाळ्यात आणि फक्त न्यूयॉर्ककडे, उन्हाळ्यात साडेनऊ. ईएसटी ही हिवाळ्यातलीच वेळ. जुलैत "सकाळी नऊ ईएसटी" लिहिलंत आणि समोरचा काटेकोर असला तर तो दहाला येईल. मी सरळ "न्यूयॉर्कची वेळ" लिहिते.

आयएसटी तर मी सोडूनच दिलं. डब्लिनच्या एका क्लायंटला "दुपारी चार आयएसटी" कळवलं होतं. मी चारपासून ताटकळत, आणि तो हजर झाला रात्री साडेआठला. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही आयएसटीच म्हणतात, त्याची काय चूक?

तेव्हापासून आधी विचारते की तुमचा दिवस कधी सुरू होतो, कुठला वेळ मोकळा हवा. मग दोन वेगवेगळ्या दिवसांतल्या तीन वेळा देते, वार-तारखेसकट, आधी त्यांची वेळ, मग आपली: "मंगळवार 8 जुलै, लंडन सकाळी 10, ठाणे दुपारी 2.30". खाली एक ओळ, "यातली कुठलीच सोयीची नसेल तर तुमच्या दोन वेळा कळवा, मी जमवते." त्यांचा पहिला अर्धा तास आणि संध्याकाळी चारनंतरचा वेळ सुचवत नाही. उत्तर येईपर्यंत तिन्ही वेळा माझ्या कॅलेंडरवर अडवून ठेवते, त्यांच्या नाही. एकदा तिन्ही इनव्हाइट पाठवली होती, तर समोरच्या बाईंनी तिन्ही स्वीकारली. दोन रद्द करताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाशीच्या काकू
आमचा मुलगा सिअॅटलला असतो. मी दर रविवारी सकाळी आठला फोन करते, तिकडे शनिवारची संध्याकाळ. थंडीत तिकडे साडेसहा वाजलेले असतात, नातू खेळत असतो. उन्हाळ्यात साडेसात होतात आणि तो ताटावर बसलेला, मग सून कंटाळते. आता काय करू?

ऐरोलीकर
काकू, उन्हाळ्यात तुम्ही सातला करा, तिकडे साडेसहाच होतील. तुम्ही आपलं घड्याळ घट्ट धरता, म्हणून तिकडचं हलतं. आम्ही न्यूयॉर्कचं धरलं, म्हणून लंडनचं हललं. तिघं असले की मधले आठवडे कुणाचं तरी हलणारच. यंदा मी फेब्रुवारीतच दोघांना विचारून ते तीन सोमवार वेगळे काढले: न्यूयॉर्क सकाळी 10, लंडन दुपारी 2, आपण साडेसातलाच. लोकल गेली ती गेली.

तुर्भे मार्केट
आमचा द्राक्षांचा हंगाम नेमका यातच सापडतो. रॉटरडॅमचा खरेदीदार सकाळी आठला बसतो, म्हणजे मार्चअखेरपर्यंत आपले साडेबारा, नंतर साडेअकरा. एका सोमवारी मी साडेबाराला लावला, तर त्याचे नऊ वाजले होते आणि तो गोदामात गेलेला. कंटेनरची चर्चा दुसऱ्या दिवसावर गेली. आता गाळ्यातल्या भिंतीवर दुसरं घड्याळच टांगलंय, हमाल विचारतात बंद पडलंय का.

वागळे_इस्टेट
सगळे त्यांच्या वेळा जपताय, आपल्या कोण जपणार? कॅलिफोर्नियाचे सकाळी नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, थंडीत साडेदहा. मी आळीपाळी मागितली: एक आठवडा आम्ही उशिरा, एक आठवडा तुम्ही संध्याकाळी. दोनदा पाळली, मग त्यांचा सोमवार आला. आपली सोमवारची सकाळ म्हणजे त्यांचा रविवार, हे माझ्याच लक्षात राहिलं नव्हतं.

मीनल घोडबंदर
मंगळवारची सकाळ मागायची, तेव्हा त्यांचा सोमवारच असतो.

वागळे_इस्टेट
मागितली. "बघतो" म्हणालेत, दोन महिने झाले.