इन्स्टाग्राम स्टोरीत खालची ओळ झाकली जाते

> ए४ पोस्टर स्टोरीसाठी केलं, तारीख बदलल्यावर खालची तिकिटाची ओळ रिप्लायच्या पट्टीखाली जातेय. सगळंच लहान करू का?

सगळं नको हो, फोटो उगाच बारीक होतो. स्टोरी १०८० बाय १९२० पिक्सेलची, आणि त्यात वरचे २५० नि खालचे ३४० मोकळे ठेवायचे, म्हणजे मजकूर २५० ते १५८० च्या आतच बसायला हवा. ए४ पूर्ण रुंदीला लावलं की उंची साधारण १५२८ होते, मधोमध ठेवलं तर वर-खाली १९६-१९६ उरतात, आणि तुमची शेवटची ओळ पोस्टरच्या कडेपासून ६० वर असेल तर ती १६६४ वर येते, म्हणजे ८४ पिक्सेल बाहेर. आता सगळा मजकूर एकत्र धरून वर सरकवावा तर वरचं शीर्षकही कडेपासून ६० खाली असेल तर ते २५६ वरच आहे, लगेच प्रोफाइलच्या नावाखाली जाणार.

म्हणून शीर्षक तिथंच राहू द्या, फोटो नि बॅकग्राउंड लॉक करा, आणि फक्त तारीख-स्थळ-तिकीट हा गट शंभरेक पिक्सेल वर घ्या, फोटोवर थोडा चढला तरी चालतो, मागे गडद पट्टा द्या. तारीख बदलल्यावर बॉक्स दोन ओळींचा झालाय का तेही बघा, बहुतेक तिथंच घोळ असतो. जागा करायला ओळींमधलं अंतर मात्र फार दाबू नका, वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात, लॅपटॉपवर कळत नाही पण मोबाइलवर लगेच दिसतं.