मदत हवी: एफसीआर सारखाच, मग किलोमागे पाच रुपये गेले कुठे?

येरळाकाठ
विट्याजवळ माझं तीन हजार पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड आहे. करार नाही, पिल्लं-खाद्य सगळं स्वतःच्या पैशानं. यंदापासून बॅचचा हिशेब वहीऐवजी एक्सेलमध्ये ठेवतोय आणि एका जागी अडलोय.

डिसेंबरला ३००० पिल्लं टाकली, १२० मेली, सरासरी वजन २.१५ किलो, खाद्य १९८ गोण्या. एप्रिललाही ३०००च, पण २७० मेली, सरासरी २.२० किलो, खाद्य २०४ गोण्या. गोणी ५० किलोची. दोन्ही वेळा पिल्लू ३८ रुपये, खाद्य ४२ रुपये किलो, आणि तूस, औषध, वीज, मजुरी मिळून ३६ हजार.

शीटमध्ये एफसीआर येतो डिसेंबरचा १.५३ आणि एप्रिलचा १.५५. म्हणजे जवळपास तोच. पण विकलेल्या जिवंत वजनावर किलोचा खर्च ९१.३८ वरून ९६.३० वर गेला. पुढच्या उन्हाळ्यात पिल्लं टाकायची की शेड रिकामं ठेवायचं, हे यावर ठरवायचंय.

कोरेगावकर
मरतूक चार टक्क्यांवरून नऊवर गेली की. मेलेल्या पिल्लांचे पैसे जगलेल्यांवर पडले, दुसरं काय.

येरळाकाठ
ते बघितलं दादा. पिल्लांचा खर्च किलोमागे १८.४१ होता, तो १८.९८ झाला. ५७ पैसेच वाढले. इतर खर्चाचे १८ पैसे.

तासगाव_पोल्ट्री
कंपनीनं कापलं असेल. आमच्या करारात मरतूक ठरलेल्या टक्क्यांवर गेली की ग्रोइंग चार्ज कमी होतो, माझे गेल्या बॅचला असेच गेले. आणि वजन वेगळं असेल तर साधा एफसीआर बघू नका, सीएफसीआर काढा. दोन किलोला जेवढा फरक, त्याचा चौथा भाग.

येरळाकाठ
माझा करार नाही हो, मी खुल्या बाजारात विकतो.

माळावरचा
एफसीआरच्या खान्यातला फॉर्म्युला आहे तसा इथे टाका.

येरळाकाठ
```
=C9/(C3*C7)
```
C9 एकूण खाद्य किलोत, C3 टाकलेली पिल्लं, C7 सरासरी वजन.

माळावरचा
सापडलं. C3 मध्ये तुम्ही मेलेले पक्षीही धरलेत. शीटला वाटतंय तीनही हजार पक्षी २.२० किलोचे होऊन गाडीत चढले, म्हणजे ६,६०० किलो. काट्यावर भरले ६,००६. जेवढी मरतूक जास्त तेवढा हा फॉर्म्युला तुम्हाला जास्त फसवतो, म्हणून चांगली आणि वाईट बॅच सारखी दिसली. लिफ्टिंगच्या पावत्यांवरच्या वजनांची बेरीज C8 मध्ये घ्या:
```
=C9/C8
```
आता डिसेंबर १.६०, एप्रिल १.७०. त्या फरकाचे खाद्यात किलोमागे ४.१८ रुपये होतात, म्हणजे तुमचे पाच रुपये बहुतेक तिथेच आहेत. तासगावचे म्हणतात तो वजनाचा फरक खरा आहे, पण ५० ग्रॅमला तो ०.०१ च्या आसपास. उरलेलं कुठून आलं ते मरतुकीच्या तारखा सांगतील. पक्षी कोणत्या वयात मेले?

येरळाकाठ
वही काढली. डिसेंबरला बहुतेक मर पहिल्या आठवड्यात, ब्रूडिंगमध्ये. एप्रिलला १८० पक्षी ३२ ते ३६ व्या दिवसात गेले, सगळे दुपारी.

माळावरचा
हेच कारण. पहिल्या आठवड्यातलं पिल्लू मेलं तर त्यानं दीडशे ग्रॅमच्या आसपास खाल्लेलं असतं. ३४ व्या दिवशीचा पक्षी अडीच किलोच्या वर खाऊन मरतो. २.६ धरलं तरी १८० पक्ष्यांत ४६८ किलो खाद्य गेलं, म्हणजे १९,६५६ रुपये. पिल्लाच्या ३८ रुपयांपेक्षा ते पोटातलं खाद्य महाग पडतं. मरतुकीची नुसती टक्केवारी हे दाखवत नाही. रोजच्या पानावर त्या दिवसापर्यंत एका पक्ष्यानं किती खाल्लं याचा खाना ठेवा आणि त्याला त्या दिवशीच्या मरीनं गुणा:
```
=D12*F12
```
D मर, F एका पक्ष्याचं आजवरचं खाद्य. F काढताना रोजचं खाद्य त्या दिवशीच्या जिवंत पक्ष्यांवर भागायचं, ३००० वर नाही.

आणि २०४ मध्ये शिल्लक गोण्या धरल्यात का? पुढच्या बॅचला वापरलेलं खाद्य या बॅचवर चढवू नका.

येरळाकाठ
तीन गोण्या उरल्या होत्या. त्या वजा केल्या तर १.६७ येतोय. फॉर्म्युला बदलला. आता उन्हाळ्याचं काय करू?

कोरेगावकर
खाद्य सकाळी नऊलाच वर ओढा, संध्याकाळी गार झाल्यावर सोडा. भरल्या पोटी ऊन सोसत नाही.

तासगाव_पोल्ट्री
आम्ही असं केलं तर वजन मागे पडलं. त्यापेक्षा उन्हाळ्यात १.८ किलोलाच गाडी बोलवा.

माळावरचा
१.८ ला पिल्लाचे ३८ रुपये कमी किलोंवर पडतात आणि व्यापारी लहान पक्ष्याला काय दर देतो तेही बघावं लागेल. त्या आठवड्याचा दर टाकून दोन्ही बाजू शीटमध्ये मांडा. खाद्य ओढण्याबद्दल मात्र मी कोरेगावकरांच्या बाजूचा आहे, फक्त ऊन चढायच्या आधी ओढायला हवं. पक्षी धापा टाकायला लागल्यावर ओढून उपयोग होत नाही.

येरळाकाठ
एप्रिलच्या लहान पक्ष्याचे दर विट्याच्या व्यापाऱ्याकडून घेतो आणि इथेच टाकतो.