कोरेगावच्या शाळेचे स्पीकर: प्रार्थना लावली की ॲम्प्लिफायर बंद

मीनल:
गुरुजींचा परत फोन आला. सूचना दिल्या तर नीट ऐकू येतात. सकाळी मोबाईलवरून ढोलकीवाली प्रार्थना लावली की अर्ध्या मिनिटात लाल दिवा लागतो आणि सगळं गप्प. शनिवारी पाहुणे आहेत. ॲम्प्लिफायर १२० वॅटचा. वर्गांत आपण इथून, अमेरिकेतून, पाठवलेले १६ छतातले स्पीकर, सगळे ५ वॅटच्या टॅपवर. व्हरांड्यातले ४ जुने, ६ वॅटचे. बेरीज १०४ होते, मग ओव्हरलोड कसला? साताऱ्याचा वायरमन म्हणतो नवा २५० वॅटचा घ्या.

प्रकाश:
बेरजेच्या भानगडीत पडू नका. वायरमनला मल्टीमीटर लावायला सांगितला, लाईन ८ ओहम दाखवतेय. मग तार १०० व्होल्टवरून काढून ८ ओहमच्या टर्मिनलला लावा. हिशोब जमतो.

सुहासकाका:
प्रकाश, जमत नाही. मल्टीमीटर डीसीवर मोजतो. त्याला प्रत्येक स्पीकरमागच्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याच्या तारेचा रोध तेवढा दिसतो, आवाज चालू असताना लाईन किती ओढते ते नाही. वीस ट्रान्सफॉर्मर समांतर असले की ८ ओहम येणारच. एवढंच कळतं की लाईनला शॉर्ट नाही. शॉर्ट असता तर नुसत्या तारेइतकं, एक-दोन ओहम आलं असतं.

८ ओहमच्या टर्मिनलवर १२० वॅटचा ॲम्प्लिफायर फार तर ३१ व्होल्ट देईल. दिवा लागणार नाही हे खरं, पण स्पीकरला जेमतेम १ वॅट मिळेल. मागच्या बाकावर काय ऐकू जाणार?

मीनल, स्पीकरच्या पाठीवरचं लेबल वाचायला सांग. ५ वॅट कुठल्या रकान्यात लिहिलंय?

मीनल:
फोटो आला. ५, २.५, १.२५, ०.६२. वर ‘७० व्होल्ट’. एकच रकाना आहे.

सुहासकाका:
तेच! अमेरिकेत लाईन बहुतेक ७० व्होल्टची, साताऱ्यात ती १०० ला जोडली. व्होल्टेज १.४ पट झालं की वॅट दुप्पट होतात. प्रत्येक स्पीकर ५ नाही, १० वॅट ओढतोय. १६ चे १६० आणि जुने २४, म्हणजे १२० च्या डोक्यावर १८४.

बोलण्याची सरासरी ताकद कमी, म्हणून सूचनेत हे झाकून जातं. शिवाय ७० साठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा १०० वर ढोलकीच्या खालच्या सुरांत लवकर संपृक्त होतो. मग तो एकदम जास्त करंट ओढतो, आधी घुं वाजतो आणि मग दिवा लागतो. गुरुजींना विचार, बंद पडायच्या आधी आवाज फाटतो का?

शिडी लावायची गरज नाही. ॲम्प्लिफायर बंद करायचा, मागे ‘७० व्होल्ट’ टर्मिनल असेल, तार १०० वरून काढून तिथे घट्ट करायची. ‘कॉम’ला हात लावायचा नाही. चालू असताना तर बोट नकोच, पूर्ण आवाजाला खरोखर १०० व्होल्ट असतात तिथे.

मीनल:
हो, फाटतो म्हणाले. टर्मिनल आहे. पण व्हरांड्यातल्यांचं काय?

सुहासकाका:
ते १०० चे आहेत, ७० वर ६ चे ३ वॅट होतील. बेरीज ८० अधिक १२, ९२. मी १२० वर ९६ च्या पुढे जात नाही. अर्धे वॅट म्हणजे अर्धा आवाज नव्हे, थोडा कमी वाटेल एवढंच.

वंदनाताई:
दुपारच्या सुट्टीत व्हरांड्यात काय गोंगाट असतो ते पाहिलंय का कुणी? तिथेच कमी करताय! उलट लाईन १०० वरच ठेवा आणि वर्गातले २.५ वर घ्या. ते ५ देतील, व्हरांडा ६ वर राहील.

सुहासकाका:
ताई, बेरीज बरोबर, १०४. पण १६ ठिकाणी छत उघडायचं, आणि शनिवार आलाय. टॅप खाली घेतला की गाभ्यावरचा ताणही कमी होतो हे मान्य, पण ९६ च्या वर जातोच. ढोलकीला बासचं बटण खाली ठेवावं लागेल.

संजय:
माझ्या मेहुण्याच्या सांगलीच्या दुकानात ४ साधे ८ ओहमचे स्पीकर आहेत. त्यांनाही ही १०० व्होल्टची लाईन जोडू का? दुकान लांबट आहे.

प्रकाश:
जोड की, लांब तारेलाच असते ती.

सुहासकाका:
प्रकाश!! संजय, प्रत्येक स्पीकरला आधी स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. नुसता ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टवर म्हणजे १२५० वॅटची मागणी, शॉर्टच म्हण. बाकी नवा धागा काढ.

खजिनदार:
स्पीकर कुठले घ्यायचे ते साहित्य समितीने ठरवलं होतं, ध्वनी गटाला विचारलं नव्हतं, हे नोंदवून ठेवतो. २५० वॅटच्या नव्या ॲम्प्लिफायरचे पैसे मिळणार नाहीत.

मीनल:
तार ७० वर लावली. प्रार्थना दोनदा पूर्ण वाजली, दिवा नाही. गुरुजी म्हणतात व्हरांड्याच्या टोकाला, नळाजवळ, शब्द कळत नाहीत. जुन्यांच्या लेबलवर ६ च्या वर १० चा टॅप आहे.

सुहासकाका:
१० म्हणजे ७० वर ५. बेरीज १०० होते. टोकाच्या एकालाच लाव, ९४. आणि शिडी कुणीतरी धरा.

वंदनाताई:
चारही लावा, मी तर म्हणते.