प्रतिसाद: डिफर्ड रेव्हेन्यूमधली उणे शिल्लक

>१२,००० चा वार्षिक प्लॅन १ जानेवारीपासून. १ जुलैला ग्राहक १८,००० च्या प्लॅनवर गेला. जुन्या प्लॅनची क्रेडिट नोट पोस्ट केल्यावर त्याच्या डिफर्ड रेव्हेन्यूत उणे ४९.३२ का?

बिलिंग दिवसांवर मोजतंय आणि रेव्हेन्यू शेड्यूल महिन्यांवर, म्हणून. शेड्यूलने दरमहा १,००० उचलले, म्हणजे ३० जूनला शिल्लक ६,०००. क्रेडिट नोट मात्र उरलेल्या १८४ दिवसांची निघाली: १२,००० × १८४ ÷ ३६५ = ६,०४९.३२. खात्यात नसलेले ४९.३२ तिने ओढले.

जर्नल टाकून शिल्लक शून्य करता येईल, पण पुढच्या अपग्रेडला हेच होणार. शेड्यूलची पद्धतही दैनिक करा. मग ३० जूनपर्यंत १८१ दिवसांचे ५,९५०.६८ उत्पन्नात जातात आणि शिल्लक बरोबर ६,०४९.३२ राहते. चालू करारांच्या बंद महिन्यांना हात लावू नका, फरक चालू महिन्यात घ्या.

क्रेडिट नोटेनंतर जुनं शेड्यूल ३० जूनलाच थांबलंय ना, तेही बघा. ते चालू राहिलं तर जुलैत आणखी हजार उचलेल. हे बहुतेक वेळा सुटतंच! नूतनीकरणाची ओळही नव्या प्लॅनला जोडा, नाहीतर पुढच्या जानेवारीत बिल १२,००० चंच निघेल.